म्युनिकच्या न्हाणीघरात नाशिकचं तेल

लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुलीची बॅग भरताना मेतकूट, गोडा मसाला आणि कुळथाच्या पिठाला जागा मिळते. साबण-तेलाचा विषय मात्र ‘तिकडे काय मिळत नाही?’ असं म्हणून निकालात निघतो. तिकडे सगळं मिळतं हे खरंच आहे. पण दुकानातल्या मांडणीवर चाळीस साबण असले, तरी त्यातला कुठला आपला हे कळायला महिनाभर अंग खाजवावं लागतं. माझी भाची गेल्या वर्षी वैशाखात लग्न करून ऑक्टोबरात पंचवटीतून म्युनिकला गेली. मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे तिच्या तक्रारी आईऐवजी माझ्याकडे येत. त्यातून जे निघालं ते तुमच्या घरच्या मुलीलाही उपयोगी पडेल. तीन-चार गोष्टी समजल्या की बाकीचं आपोआप जमतं.

तिची पहिली तक्रार साबणाची होती. “आत्या, घरून आणलेलाच साबण आहे, पण फेसच येत नाही. अंग चिकट लागतं आणि कोरडंही पडतं.” साबण तोच होता, बदललं होतं ते पाणी. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी येतं आणि ते तुलनेने मऊ असतं. ज्यांनी बोअरच्या पाण्याने अंघोळ केली आहे, त्यांना फरक ठाऊक आहे. म्युनिकचं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या दऱ्यांमधून येतं. चुनखडीच्या थरांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. जर्मनीत पाण्याचा कठीणपणा ‘जर्मन अंशां’त मोजतात. १४ अंशांच्या वर पाणी कठीण धरलं जातं आणि म्युनिकचं पाणी त्या रेषेच्या वरच आहे. अशा पाण्यात साबणाचा बराच भाग कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चोथा होतो. टबाच्या कडेला राखाडी वळ उठतो तो याचाच, आणि केसांना हात लावल्यावर मेणासारखं जे लागतं तेही हेच.

पाणी कसं आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणी उकळायच्या किटलीला आठवड्याभरात पांढरा थर धरला, तर पाणी कठीण आहे. आणखी खात्री करायची असेल, तर झाकणाच्या बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी घ्यावं, साध्या साबणाचा नखाएवढा कीस टाकून खळखळून हलवावं. वर दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी मऊ. फेस नावापुरता येऊन पाणी दुधट झालं आणि त्यात कण तरंगू लागले तर पाणी कठीण. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर हा आकडा दिलेला असतो. धुण्याच्या पावडरीच्या खोक्यावरही मऊ, मध्यम आणि कठीण पाण्यासाठी वेगवेगळं माप छापलेलं असतं, तेही याच कारणाने.

कठीण पाण्यात दोन प्रकारचे साबण चालतात. पहिला खोबरेल तेलाचा. खाऱ्या पाण्यातही फेस येतो म्हणून जहाजांवर पूर्वी हाच साबण वापरत. आपल्याकडचे मेडिमिक्स आणि चंद्रिका हे हिरवे साबण खोबरेल तेलावर बनतात. फेस ते देतात, पण चोथा त्यांचाही होतोच. दुसरा प्रकार दिसायला साबणाच्या वडीसारखाच, पण रसायनाच्या हिशेबाने साबण नव्हे. त्याला सिंडेट म्हणतात. कॅल्शियमशी त्याचा चोथा होत नाही, म्हणून तो अंगावरून लगेच सुटतो. सेबामेड हे त्यातलं आपल्याकडेही मिळणारं नाव, आणि ते मूळ जर्मनीचंच आहे. साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, कातडीचा साधारण ५.५. नाशिकच्या दमट पावसाळ्यात हा फरक कातडी सोसते. म्युनिकच्या हिवाळ्यात बाहेर गोठवणारी थंडी आणि घरात हीटरची कोरडी हवा असते, तिथे ती सोसत नाही. अंघोळीनंतर पंधरा मिनिटांत चेहरा ओढल्यासारखा वाटला, नडगीवर नखाने ओढल्यावर पांढरी रेघ उठली, तर साबण जास्त होतो आहे असं समजावं.

भाचीला मी सांगितलं, हिवाळाभर साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लाव. बाकी अंगाला कोमट पाणी पुरे. टॉवेलने टिपून अंग ओलसर असतानाच तेलाचे चार थेंब चोळ. तिला हे पटेना. “साबण न लावता अंघोळ?” पण तिच्या पणजीने साबण आठवड्यातून एकदा वापरला असेल-नसेल. आठवडाभरात खाज थांबली, मग तिने वाद घातला नाही.

एका बाबतीत मात्र ती माझ्या आधी सावध झाली. तिच्या सासरी माळकरी वातावरण आहे, आणि साबणात चरबी असते हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. गोष्ट खरी आहे. भारतात मिळणारे नेहमीचे साबण पाम आणि खोबरेलसारख्या वनस्पती तेलांचे असतात, म्हणून आपण हा प्रश्न विचारायचंच विसरलो आहोत. युरोप-अमेरिकेत गुराढोरांच्या चरबीचा साबण आजही राजरोस विकला जातो, त्यात लपवाछपवी नाही. लेबलच्या मागे घटकांची यादी असते आणि युरोपात ती एकाच आंतरराष्ट्रीय नामावलीत छापावी लागते, त्यामुळे जर्मन येत नसलं तरी अडत नाही. यादीत सोडियम टॅलोएट दिसलं तर ती गुरांची चरबी, सोडियम लार्डेट म्हणजे डुकराची. सोडियम पामेट पामचं, सोडियम कोकोएट खोबऱ्याचं, सोडियम ऑलिव्हेट ऑलिव्हचं. ग्लिसरिन आणि स्टिअरिक आम्ल मात्र दोन्हीकडून येऊ शकतात. म्हणून ज्यांना पूर्ण खात्री हवी त्यांनी ‘व्हेगन’ असा शिक्का पाहावा. जर्मनीत तो स्वस्तातल्या साबणांवरही सहज सापडतो. अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे निव्वळ साबणावर घटकांची यादी छापणं कायद्याने सक्तीचं नाही. छापलेली असेल तर वाचावी, नसेल तर तो साबण ठेवून द्यावा.

हिंडून तिला जो साबण सर्वांत जवळचा वाटला, तो भारतीय दुकानात सापडलाच नाही. तो घराजवळच्या तुर्की वाण्याकडे मिळाला. ऑलिव्ह आणि लॉरेल या झाडांच्या तेलाचा, सीरियातल्या अलेप्पो शहराच्या नावाने ओळखला जाणारा हा साबण बाहेरून मातकट आणि आतून हिरवा असतो. वास औषधी, चरबी नाही, रंग नाही. “आत्या, आजीच्या कडुनिंबाच्या साबणासारखा आहे,” असं ती म्हणाली. वास तसा मुळीच नाही, पण तिला समाधान मिळालं ते मी कशाला काढून घेऊ? फेस कमी आणि बुळबुळीत येतो, हे मात्र आधी सांगितलेलं बरं. डोळ्यांत गेला तर कुठल्याही साबणासारखाच झोंबतो.

आपल्या वस्तूंची दुकानं जर्मनीत बरीच आहेत, पण ती आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी असतात. अनेक ठिकाणी दुकानदार श्रीलंकेचे तमिळ किंवा अफगाण असतात. तमिळ दुकानात मेडिमिक्स, म्हैसूर सँडल, पॅराशूट आणि पिवळसर तिळाचं तेल नक्की पाहावं, अफगाण किंवा अरब दुकानात आवळ्याचं तेल. दिवाळीत लागणारा मोती साबण मात्र तिथल्या दुकानदारांना माहीतच नसतो, तेव्हा अभ्यंगस्नानाच्या दोन वड्या बॅगेतूनच न्याव्यात. विकत घेताना दोन गोष्टी बघायच्या. युरोपातल्या आयातदाराचं नाव-पत्ता चिकटवलेला आहे का, आणि मुदत किती उरली आहे. पत्ता नसेल तर माल कुणाच्या तरी बॅगेतून आलेला असण्याची शक्यता असते. साबणाचं त्याने फारसं बिघडत नाही, पण तेल खवट निघालं तर परत करायला जागा नसते.

आता तेलाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. भाची सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात केसांचं तेल शोधत होती. मिळत होती ती तीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्यांतली ‘हेअर ऑईल’, म्हणजे ओल्या केसांच्या टोकांना चमक येण्यासाठी लावायचे दोन थेंब. तिच्या कमरेपर्यंतच्या केसांना एका शनिवारीच अख्खी कुपी लागली असती. खोबरेल तिला सापडलं ते किराणाच्या भागात, तळणीच्या तेलांशेजारी, रुंद तोंडाच्या बरणीत. यात हसण्यासारखं काही नाही. छोट्या बाटलीतलं खोबरेल खाण्याचं धरायचं की केसांचं, या प्रश्नावर आपल्याकडे कर खातं आणि उत्पादक वर्षानुवर्षं भांडले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही, खाद्यतेलच धरलं जाईल. तेव्हा परदेशी गेलेल्या मुलीने खोबरेल आधी स्वयंपाकाच्या फळीवर शोधावं. तिथे ते स्वस्तही मिळतं.

पण बरणी उघडल्यावर तिचा हिरमोड झाला. “वास वेगळाच आहे. नारळाच्या वडीसारखा.” कारण असं की आपलं नेहमीचं खोबरेल वाळलेल्या खोबऱ्याचं असतं. खोबरं वाळवताना आणि गाळताना त्याला जो खमंगपणा येतो, तोच आपल्या नाकात बसलेला आहे. युरोपात ‘नेटिव्ह’ म्हणून मिळतं ते ओल्या नारळाचं, गोडसर वासाचं. दुसरं ‘माइल्ड’ किंवा वास काढलेलं म्हणून मिळतं, त्याला जवळजवळ वासच नसतो. केसांवर तिन्हींचं काम सारखंच. वास हवा असेल तर आपल्या दुकानातली निळी बाटलीच शोधावी लागते, त्याला तोड नाही.

तेल गोठणं ही दुसरी अडचण. खोबरेल साधारण २४ अंशांला वितळतं. निफाडकडच्या डिसेंबरात तेही गोठतं, पण आपण बाटली उन्हात ठेवतो आणि दहा वाजेपर्यंत ते पुन्हा वाहतं होतं. म्युनिकमध्ये डिसेंबरातलं ऊन बाटलीला काही करत नाही आणि घरातला हीटर २० अंशांच्या आसपास लावलेला असतो, म्हणजे तेल वर्षाचे सात-आठ महिने दगड. अरुंद तोंडाची बाटली अशा वेळी निरुपयोगी. रुंद बरणीतून चमच्याने काढावं, वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात दोन मिनिटं ठेवावी. प्लास्टिकची बाटली मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. दर वेळी हे नको असेल तर अर्धं खोबरेल आणि अर्धं तिळाचं किंवा बदामाचं तेल एकत्र करून ठेवावं. घरातल्या उबेत हे मिश्रण बहुधा वाहतं राहतं, थोडं ढगाळ दिसलं तरी चालतं. थंडगार खिडकीपाशी ठेवलं तर मात्र गोठतंच.

तिळाचं तेल घेताना रंग बघावा. चिनी किंवा कोरियन दुकानातलं गडद तपकिरी तेल भाजलेल्या तिळांचं असतं. ते नूडल्सवर छान लागतं. भाचीच्या नवऱ्याने हौसेने तेच आणलं आणि सोमवारी ती नोकरीच्या मुलाखतीला चिवड्याच्या वासासकट गेली. घ्यायचं ते फिकट पिवळं, कच्च्या तिळांचं.

आता, मुलगी माहेरी काय लावत होती यावरही पर्याय ठरतो. शुद्ध खोबरेल लावत असेल तर त्याची जागा सूर्यफूल किंवा पॅराफिन घेऊ शकत नाही. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये या तिन्हींची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातली प्रथिनं कमी जायला मदत झाली ती खोबरेलमुळेच. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा हा अभ्यास आहे हे लक्षात ठेवून वाचावा, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलमधल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. बाकीची तेलं बरीचशी बाहेरच राहतात.

उलट, माहेरी बदामाचं किंवा फुलाचं चित्र असलेलं हलकं, सुगंधी तेल लावत असेल, तर बाटली उलटी करून पाहावी. अशा बऱ्याच तेलांत पहिला घटक लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असतो. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते, त्यामुळे शेवटी लिहिलेला बदाम चमचाभरही नसतो. जर्मन यादीत याच पॅराफिनला पॅराफिनम लिक्विडम म्हणतात आणि ते तिथल्या अनेक बेबी ऑईलमध्ये सापडतं. म्हणजे त्या बाटलीला सर्वांत जवळचा आणि स्वस्त पर्याय बाळांच्या फळीवर आहे. ज्यांना खरं बदाम तेल हवं त्यांनी यादीत पहिलं नाव प्रुनस अमिग्डॅलस डल्सिस आहे ना, एवढंच बघावं.

सुगंधाचं काय? तो घरून न्यायचा. नाशिकच्या भद्रकालीत किंवा मेनरोडला अत्तराची छोटी कुपी मिळते. वास नसलेल्या १०० मिलिलिटर तेलात मोगऱ्याचे आठ-दहा थेंब पुरतात. लगेच डोक्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहावी, पुरळ उठलं तर ती कुपी केसांसाठी नाही. मिश्रणात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये आणि एका वेळी महिन्याभराचंच करावं.

तेल लावलेले केस धुवायला शिकेकाईची पूड आपल्या दुकानात मिळते. रिठा मात्र जर्मन लोक कपडे धुण्यासाठी वापरतात, म्हणून तो ऑरगॅनिक दुकानात डिटर्जंटच्या फळीवर पिशवीत सापडतो. वस्तू तीच. कठीण पाण्यात न्हाल्यावर केस जाड आणि चिकट लागत असतील, तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सफरचंदाचं व्हिनेगर घालून शेवटचा तांब्या त्याचा घ्यावा आणि वर साधं पाणी. चुन्याचा आणि साबणाचा थर आम्लात सुटतो. फरक पहिल्याच न्हाण्याला कळतो. नाही कळला तर चूक पाण्याची नव्हती.

तेलकट टॉवेलांबद्दल घरात कुणी बजावत नाही, म्हणून सांगते. तिकडे कपडे ड्रायरमध्ये वाळवतात. तेल पूर्ण न निघालेले टॉवेल गरम वाळवून तसेच ढिगात ठेवले, तर तेलाचं ऑक्सिडीकरण होऊन आतून तापत जाऊन पेट घेऊ शकतात. तीळ आणि बदाम यांच्या तेलात हा धोका खोबरेलपेक्षा जास्त. जुना सुती टॉवेल डोक्यासाठी वेगळा ठेवावा, ६० अंशांवर धुवावा आणि दोरीवर वाळत घालावा. वाटीत उरलेलं खोबरेल बेसिनमध्ये ओतू नये, थंड नळीत ते गोठून बसतं. कागदाने पुसून कचऱ्यात टाकावं. उटण्याचंही असंच. भाड्याच्या घरातल्या पांढऱ्या टबाला हळदीचा डाग पडला तर घर सोडताना तोंड लपवावं लागतं, म्हणून परदेशातलं उटणं हळदीशिवाय कालवावं.

जानेवारीत भाचीचे केस गळू लागले आणि सगळा दोष पाण्यावर आला. माझा विश्वास बसेना. मोठा ताण, आजार किंवा झपाट्याने वजन कमी होणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना रोजचं आहे. लग्न, घर सोडणं, नवी भाषा आणि जेवणाची आबाळ, सगळं त्याच हिशेबात बसत होतं. कठीण पाण्याने केस खरखरीत होऊन मध्ये तुटतात. मुळापासून गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो, तुटलेल्याला नाही. तिच्या केसांना तो दिसला. मग तेल बदलत बसण्याऐवजी डॉक्टरकडून लोह आणि थायरॉइड तपासून घेणं शहाणपणाचं. तिचं लोह कमी निघालं.

दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी हेच, थोडं बदलून वापरावं. लंडनचं पाणी म्युनिकसारखंच कठीण, स्कॉटलंडचं मऊ. तिथे आपला साबण नाशिकपेक्षाही जास्त फेसाळतो आणि धुता धुता हात थकतात. दुबईला जाणाऱ्या मुलीने बॅगेत तेल भरायचं कारणच नाही, सगळं कोपऱ्यावर मिळतं.

बॅगेबद्दल शेवटचं. तेलाची बाटली हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, गोठलेली असली तरी. मोठ्या बॅगेत घालताना काठोकाठ भरू नये, झाकणाला चिकटपट्टी लावावी आणि दोन पिशव्यांत बांधून कपड्यांपासून दूर ठेवावी. साबणाच्या वड्या तिथेच ठेवल्या तर मेतकुटाला चंदनाचा वास लागतो, तेव्हा त्या साड्यांमध्ये. नंतर पार्सल पाठवायचं झालं, तर घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर जर्मनीत कर पडत नाही. मात्र खोक्यावर आतल्या वस्तू आणि त्यांची किंमत स्पष्ट लिहावी. नुसतं ‘घरगुती सामान’ लिहिलेलं खोकं कस्टममध्ये अडकू शकतं. तेल घ्यायला कुरियरवाले का-कू करतात, म्हणून पार्सलमध्ये साबण, शिकेकाई आणि अत्तराची एक कुपी एवढंच ठेवावं, आणि तेल तिकडच्या किराणा दुकानातून घेऊ द्यावं.